नागपूरची पाच ठिकाणं एका दिवसात पायी: आधी गोल, मग घड्याळ

प्रश्न: गावच्या शाळेची पोरं घेऊन एसटीनं नागपूरला जायचं आहे. टेकडीचा गणपती, झिरो माईल, अजब बंगला, महाराजबाग आणि रमण विज्ञान केंद्र पायीच दाखवायचं आहे. कोणतं आधी घ्यावं, म्हणजे चालणं कमी होईल आणि कुठं दार बंदही मिळणार नाही?

उत्तर:

मी उमरेड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. अशीच सहल दोनदा नेली आहे. पहिल्यांदा जवळचं आधी, मग त्याच्या जवळचं, असं करत गेलो आणि फसलो. गणेशपेठ स्टँडवरून विज्ञान केंद्र सगळ्यात जवळ, म्हणून उतरल्याबरोबर तिकडं गेलो. पावणेनऊही वाजले नव्हते, आणि आम्ही दाराशी उभे! दार उघडायला तासाभराहून जास्त वेळ होता. पोट्टे फुटपाथवर बसले, डबे तिथंच उघडले, आणि तिथल्या तारांगणाचा आम्हाला मिळालेला खेळ तर दुपारी तीनचा होता. म्हणजे दिवसाच्या शेवटी पुन्हा तिथंच यायचं.

दुसऱ्या वेळी आधी कागद घेतला. वेळा बाजूला ठेवल्या आणि फक्त चालण्याची मिनिटं लिहिली. मोबाईलवरचा नकाशा जी मिनिटं सांगतो ती एकट्या माणसाची असतात. अठ्ठावीस पोरांची रांग कॉटन मार्केटजवळचा रस्ता ओलांडते तेव्हा पुढचा शिक्षक पलीकडे आणि मागची सहा पोरं अलीकडेच असतात, पुन्हा गाड्या सुटतात, पुन्हा थांबा. म्हणून मी नकाशाच्या आकड्यात निम्मी भर घातली. आमच्या चालीनं हिशोब असा आला: स्टँड ते टेकडी २५, टेकडी ते झिरो माईल १२, तिथून अजब बंगला १०, अजब बंगला ते महाराजबाग १५, महाराजबाग ते विज्ञान केंद्र ४२, आणि तिथून स्टँड १०. याच क्रमानं फिरलं तर एकूण ११४ मिनिटं चालणं.

बाकीचे क्रम चिठ्ठ्या करून टेबलावर मांडून पाहिले. पाच ठिकाणांचे १२० क्रम होतात, पण सुरुवात आणि शेवट एकाच स्टँडवर असल्यामुळं प्रत्येक क्रमाचा उलटा क्रम तेवढ्याच चालण्याचा असतो, म्हणजे वेगळे उरतात ६०. त्यातले बरेचसे नजरेनंच बाद होतात: ज्यात रेल्वे लाईन एकदा अलीकडून पलीकडे, मग परत अलीकडे, मग पुन्हा पलीकडे अशी ओलांडावी लागते ते सगळे. उरलेल्यांत ११४ च्या खाली एकही आला नाही. बहुतेक ११९ ते १२५ च्या आसपास. म्हणजे चांगल्या क्रमांमध्ये चालण्याचा फरक दहा मिनिटांचाच. खरं नुकसान चालण्यात नसतं, दाराशी उभं राहण्यात असतं.

उलटा क्रम तेवढ्याच चालण्याचा असतो, ही गोष्ट फार कामाची आहे. सगळ्यात लहान गोल एकदा सापडला की तो कोणत्या दिशेनं फिरायचा हे पूर्ण तुमच्या हातात राहतं, चालणं एक पाऊलही वाढत नाही. मग ती दिशा घड्याळाला ठरवू द्यायची.

प्रत्येक ठिकाणासमोर दोन वेळा लिहा: लवकरात लवकर केव्हा आत जाता येतं, आणि उशिरात उशिरा केव्हा पोचलं तर बघून होतं. दुसरी वेळ म्हणजे बंद होण्याची वेळ नव्हे. पाचला बंद होणारं ठिकाण बघायला सव्वा तास लागत असेल तर तुमची शेवटची वेळ पावणेचार. तिकीट खिडकी आधी बंद होत असेल तर तेही बघा.

आता आमचा दिवस. साडेआठला स्टँड. टेकडीवर ८.५५ ला, वीस मिनिटं दर्शन. झिरो माईलचा खांब उघड्यावरच आहे, त्याला दार नाही, ९.२७ ते ९.३७. अजब बंगल्याशी कागदावर ९.४७ ला पोचत होतो, दहाला उघडणार होता, म्हणजे तेरा मिनिटं थांबणं. ही तेरा मिनिटं आम्ही टेकडीवरच जास्त बसून घालवली, गेटवर उभं राहण्यापेक्षा ते बरं. दहा ते सव्वाअकरा अजब बंगल्यातलं संग्रहालय. साडेअकराला महाराजबाग, डबे आणि प्राणी मिळून दीड तास. एकला निघून पावणेदोनच्या आत विज्ञान केंद्र, तीनपर्यंत दालनं, तीनला तारांगण. चारच्या आधी स्टँडवर पोचण्याइतपत मोकळे, आणि बस पाचची.

उलटं फिरलो असतो तर? विज्ञान केंद्रात ८.४० ला, दार बंद, आणि तीनचा खेळ हातचा गेला. चालणं तेच ११४, दिवस वाया. मात्र तुम्हाला तारांगणाचा खेळ साडेअकराचा मिळाला तर उलटी दिशाच लागेल, आणि मग सगळं करून स्टँडवर यायला सव्वापाच होतात. पाचची बस धरायची असेल तर झिरो माईल सोडा आणि बागेतला वेळही थोडा कमी करा.

क्रम ठरल्यावर एकदा शेवटाकडून मागं मोजत या. पावणेतीनला विज्ञान केंद्रात असायचं, तर महाराजबाग २.०३ ला सोडलीच पाहिजे. तिथं दीड तास, म्हणजे १२.३३ ला पोचायचं. म्हणजे अजब बंगला उशिरात उशिरा १२.१८ ला सोडायचा. आपण ११.१५ ला सोडणार आहोत, म्हणजे तासाभराची सूट आहे. एखाद्या पोराची चप्पल तुटली तरी दिवस मोडत नाही. दालनं मग खेळ झाल्यावर बघायची, बसच्या आधी तेवढा वेळ उरतो. ही सूट दहा-पंधरा मिनिटांवर आली तर तो क्रम घेऊ नका, कागदावर कितीही बसत असला तरी.

दोन गोष्टी आधीच कापून टाका. अजब बंगला सोमवारी बंद असतो, त्यामुळं सोमवार सहलीचा वार नाही. आणि सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना आत सोडतात. पोरं खालून किल्ला बघून हट्ट करतील, पण तो क्रमात बसवत बसू नका.

महाराजबाग ते विज्ञान केंद्र हा ४२ मिनिटांचा टप्पा भर दुपारी येतो. जानेवारीत आम्ही तो चाललो, पण मार्च लागला की तिथं सिटी बस घ्या. कागदावर ४२ च्या जागी बसचं थांबणं धरून जी मिनिटं येतील ती लिहा आणि क्रम पुन्हा तपासा, कारण एक आकडा बदलला की लहान गोल दुसराच निघू शकतो.

आणि यादी सात-आठ ठिकाणांवर नेऊ नका. आठ ठिकाणांचे ४०,३२० क्रम होतात, चिठ्ठ्यांनी ते भागत नाही, आणि पोरांचे पायही पुरत नाहीत. आमच्याकडं दीक्षाभूमीसाठी दुसरा दिवस ठेवला होता.