सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सचा हिशोब आणि टेरेसची दुरुस्ती मला समजावून सांगायची आहे. म्हातारी माणसंही असतात, तरुणही. प्रेझेंटेशन कसं करू?

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या २४ फ्लॅटच्या बिल्डिंगचा मी तीन वर्षं खजिनदार होतो. पहिल्या वर्षी ऑडिटचा ताळेबंद तसाच पडद्यावर लावला. पाच मिनिटांत निम्मे लोक मोबाईलमध्ये, आणि जोशी आजोबा म्हणाले, "आकडे दिसतात रे, पण माझे पैसे कुठं गेले ते दिसत नाही."

पुढच्या वर्षी सोसायटीचा हिशोब बाजूला ठेवून फक्त एका फ्लॅटचे १५०० रुपये दाखवले. वॉचमन ६००, हेस्कॉमचं कॉमन विजेचं बिल ३००, सफाई २००, लिफ्टचं कंत्राट २००, टाकी-मोटर-किरकोळ १००. उरले १००, तेच फंडात. २४ घरांचे मिळून महिन्याला २४०० साठतात म्हटल्यावर "एवढे वर्षं भरतोय, फंड कुठाय?" हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. हाच कागद मोठ्या अक्षरात, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, असा दोन दिवस आधी घरोघरी दिला होता. ज्येष्ठांना पडद्यापेक्षा हातातला कागद बरा वाटतो.

खरी कुस्ती टेरेसची. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्याच, "वरच्यांचं घर गळतंय, आम्ही का द्यायचं ओ?" यावर टेरेस सगळ्यांची आहे, असं नियम दाखवून सांगू नका, वाद वाढतो. मी जिन्याच्या छताचा फोटो लावला. प्लास्टर सुटलेलं, आत तांबूस सळई. पाणी स्लॅबमध्ये मुरलं की सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. तो जिना काकूही चढतात, मग पुढे बोलायची गरज पडली नाही.

मग पैसे. टेरेस ३६०० चौरस फूट, आम्हाला मिळालेला दर फुटाला ११०, म्हणजे ३,९६,०००. फंडात १,०८,००० होते. उरलेले २,८८,००० भागिले २४, म्हणजे घरटी १२,०००. हा आकडा एकदम सांगितला असता तर सभा उठली असती, म्हणून आधीच ३००० चे चार हप्ते करून ठेवले. दर तुमच्याकडे वेगळा येईल. तीन कोटेशनं घ्या, पण तिघांनाही काम एकच लिहून द्या. एकजण जुना कोबा काढून उतार करून देतो, दुसरा नुसता वरून लेप मारतो. त्यांचे दर शेजारी मांडले की स्वस्तातलाच निवडला जातो.

शेवटच्या बिलाआधी पाणी कोंडून बघण्याची अट ठरावातच घाला. पाइपांची तोंडं बंद करायची, दोन इंच पाणी दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या छतावर ओल येते का ते बघायचं. बेळगावचा पाऊस जूनमध्ये येतो, त्यामुळे मीटिंग फेब्रुवारीत घ्या. आम्ही एप्रिलअखेर घेतली आणि अर्धी टेरेस ताडपत्रीखाली पावसाळाभर राहिली.