'सिलेक्ट' दिसलं म्हणून सी लावायचा नसतो

प्रश्न: बारावीला आहे, सीईटीची तयारी सुरू आहे. परम्युटेशन लावायचं की कॉम्बिनेशन, तेच कळत नाही. क्लासचे सर सांगतात, 'अरेंज' असेल तर पी, 'सिलेक्ट' असेल तर सी. तरी निम्मी उत्तरं चुकतात. पटकन ओळखायची काही युक्ती आहे का?

उत्तर:

तुमच्या सरांचा नियम चुकीचा आहे. हाच नियम मलाही शिकवला होता आणि त्यावरून माझं भर वर्गात भांडण झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. अकरावीला मी एसटीने तालुक्याच्या क्लासला जायची. एका टेस्टमध्ये प्रश्न होता: दहा सदस्यांमधून अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष किती प्रकारे निवडता येतील? मी 10 × 9 × 8 करून 720 लिहिलं. सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि शेजारी 120 लिहून दिलं. मी उठून विचारलं, तर म्हणाले, "प्रश्नात 'सिलेक्ट' लिहिलंय ना? मग ¹⁰C₃. वाद घालायचा नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. आई दहावीच्या पुढे शिकलेली नाही, पण गावच्या बचत गटाची ती तेव्हा सचिव होती. त्याच वर्षी गटात अध्यक्षाची आणि सचिवाची अदलाबदल झाली होती. तिने वही काढून ठराव दाखवला. म्हणाली, "त्याच तिघी जनी होत्या बाप्पा, पन बँकेनं नवा ठराव मांगतला, सह्यांचे नमुने नव्यानं घेतले. मंग फरक नाही कसा?"

एवढंच आहे ते गणित. तीच माणसं, पण जागा बदलल्या की नोंद बदलते, म्हणून ती मांडणी. दहातल्या कोणत्याही तिघी 120 प्रकारे निघतात, आणि निघालेल्या प्रत्येक तिघींना तीन पदं 6 प्रकारे वाटता येतात. 120 × 6 = 720. दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. "पेपर तुझी आई काढणार आहे का?" असं ते म्हणाले आणि वर्ग हसला. ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

आता मी गावातच अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते. माझ्याकडे सूत्र नंतर येतं, आधी एक उत्तर नावानिशी लिहायचं. सगळी उत्तरं नाही, फक्त एक. 'अध्यक्ष कांता, सचिव रेखा, कोषाध्यक्ष सुनीता.' मग त्यातल्या दोन नावांची अदलाबदल करायची आणि विचारायचं, हे वेगळं उत्तर झालं की तेच? वेगळं झालं तर मांडणी, तेच राहिलं तर निवड. प्रश्नात 'निवडा' आहे, 'बनवा' आहे की 'ठरवा' आहे, त्याने काही होत नाही.

पण तुमची निम्मी उत्तरं चुकतात, ती एवढ्यामुळे नसावीत. खरा घोटाळा असतो तो, जिथे निवडच आहे हे कळलेलं असतं, C लावलेलाही असतो, आणि तरी मांडणी मागच्या दाराने आत शिरते. हा प्रश्न घ्या. 6 पुरुष आणि 4 स्त्रियांमधून चौघांची समिती करायची, किमान 2 स्त्रिया हव्यात. हुशार मुलंसुद्धा असं करतात: आधी 4 मधून 2 स्त्रिया घेऊन अट पूर्ण करू, ⁴C₂ = 6. मग उरलेल्या 8 जणांमधून कोणतेही दोघं, ⁸C₂ = 28. 6 × 28 = 168. दिसायला अगदी बरोबर.

खरं उत्तर 115 आहे. 2 स्त्रिया, 2 पुरुष: 6 × 15 = 90. 3 स्त्रिया, 1 पुरुष: 4 × 6 = 24. चारही स्त्रिया: 1. बेरीज 115.

मग 168 आलं कुठून? इथेही नावं लिहा. समिती आहे कांता, रेखा, सुनीता आणि गजानन. पहिल्या पद्धतीत ही समिती कांता-रेखा आधी आणि सुनीता नंतर अशी एकदा मोजली गेली. कांता-सुनीता आधी, रेखा नंतर अशी दुसऱ्यांदा. रेखा-सुनीता आधी, कांता नंतर अशी तिसऱ्यांदा. समिती एक, मोजली तीनदा. चारही स्त्रियांची समिती तर सहादा मोजली जाते. 90 + 3 × 24 + 6 × 1 करून पाहा, बरोबर 168 येतं. 'आधी घेतलेल्या' आणि 'नंतर घेतलेल्या' असे दोन गट आपणच पाडले. समितीत असं काही नसतं. एकाच ढिगातून दोन टप्प्यांत उचललं की पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा हा क्रम मोजणीत येतोच. पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या ढिगांतून घेतले तर तो येत नाही, म्हणून 90 बरोबर आहे.

परीक्षेत एक काळजी घ्या. अशा चुकीच्या वाटेने येणारा आकडा पर्यायांमध्ये बहुतेक वेळा ठेवलेला असतो, त्यामुळे आपलं उत्तर पर्यायात दिसलं याचा अर्थ ते बरोबर आहे असा नाही. शंका आली तर आकडे लहान करा. 3 स्त्रिया, 1 पुरुष, तिघांची समिती, किमान 2 स्त्रिया. चौघांतून तिघं घेण्याचे प्रकारच 4, आणि पुरुष एकच असल्याने चारही समित्या चालतात. चुकीच्या पद्धतीने ³C₂ × ²C₁ = 6 येतं. चारच समित्या शक्य असताना सहा येतात, म्हणजे पद्धतच मोडीत निघाली.

तुम्ही 'पटकन'ची युक्ती विचारली होती. नावानिशी एक उत्तर लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही, त्याहून पटकन मला काही माहीत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक, अदलाबदलीची कसोटी तेव्हाच चालते जेव्हा एकच माणूस दोनदा येत नाही. चार आकडी पिनमध्ये 7 दोनदा येऊ शकतो, तिथे P नाही आणि C पण नाही, सरळ 10 × 10 × 10 × 10. दुसरी, कधी माणसांची नाही, अख्ख्या गटांची अदलाबदल करून पाहावी लागते. 14 पोरांच्या कबड्डीच्या सात-सातच्या दोन टीम पाडायच्या असतील तर ¹⁴C₇ = 3432 हे उत्तर नाही. एका टीमचे सात निवडले की उरलेले सात आपोआप दुसरी टीम, आणि तीच विभागणी उलट बाजूनेही मोजली जाते, म्हणून 1716. पण एक टीम आमच्या गावाची आणि दुसरी शेजारच्या गावाची म्हणून खेळणार असेल, तर 3432च.

आणि तुमच्या सरांना तो दहा सदस्यांचा प्रश्न नक्की विचारा. 120 म्हणाले, तर तिघींची नावं फळ्यावर लिहून कोषाध्यक्ष कोण ते त्यांनाच दाखवायला सांगा.