लग्नाचा खर्च शेवटी काढा, आधी नाही

प्रश्न: मुलीचे लग्न ठरत आले आहे, धाकट्या मुलाचे उच्च शिक्षण बाकी आहे आणि आमच्या निवृत्तीला दहा वर्षे उरली आहेत. निवृत्तीच्या आणि शिक्षणाच्या पैशाला धक्का न लावता लग्नावर किती खर्च करता येईल?

उत्पन्नाच्या अमुक टक्के रक्कम लग्नाला काढावी, हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. सारखाच पगार असलेल्या दोन घरांपैकी एकाची शिल्लक भक्कम असते आणि दुसऱ्याची जेमतेम. त्यांना एकच टक्केवारी कशी लागू पडेल? निवृत्ती आणि शिक्षण यांसाठी आज किती रक्कम हाताशी असायला हवी ते आधी काढावे, ती जमा रकमेतून वजा करावी आणि जे उरेल त्यात लग्न बसवावे. उरले नाही, तर लग्न अगदी साधे करावे. आमच्या घरात नेमकी तुमच्यासारखीच परिस्थिती होती, त्यावरून मोठा वाद झाला आणि माझे मोठे दीर आजही तो विषय काढतात, म्हणून तो हिशेब जसा केला तसा सांगते.

मी रकमा मांडल्याच नाहीत. एका वर्षाचा घरखर्च हे माप धरले आणि सगळे त्यातच मोजले, कारण महागाईने रक्कम फुगली तरी हे माप तेच राहते. त्या वेळी यजमान ५० वर्षांचे होते. साठाव्या वर्षी निवृत्ती आणि त्यानंतर २५ वर्षांचे आयुष्य धरले. मुले मार्गी लागल्यावर खर्च आजच्या ८० टक्क्यांवर येईल आणि निवृत्तीनंतर गुंतवणुकीचा परतावा महागाईइतकाच मिळेल असे मानले, म्हणजे साठाव्या वर्षी आजच्या मापाने २० वर्षांचा घरखर्च हातात हवा. आजारपणासाठी बाजूला ठेवलेला सहा महिन्यांचा खर्च आणि राहते घर वगळता आमच्याजवळ १५ वर्षांचा घरखर्च जमला होता. घर मी मुद्दामच धरले नाही, कारण ते विकून राहायचे कुठे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

महागाई वजा जाता दरसाल ३ टक्के परतावा धरला, तर त्या १५ चे दहा वर्षांत सुमारे २०.२ होतात. दरवर्षी घरखर्चाच्या ०.३ पट बचत आम्ही करत होतो, तिचे साधारण ३.४ होतात. एकूण २३.६, म्हणजे गरजेपेक्षा ३.६ जास्त. हा आकडा पाहून घरात सगळे खूश झाले, पण ही रक्कम दहा वर्षांनंतरची होती. त्याच ३ टक्क्यांनी दहा वर्षांत ३.६ व्हायला आज जेमतेम २.७ पुरतात, म्हणजे आज मोकळे तेवढेच, आणि त्यातून धाकट्याच्या शिक्षणाचे २ जायचे होते. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारण महागाईपेक्षा वेगाने वाढू शकतो, म्हणून त्या पैशावर मी कसलाच परतावा धरला नाही. उरले ०.७ च्या आत-बाहेर, म्हणजे आठ महिन्यांचा घरखर्च. ही आमची मर्यादा ठरली.

भाऊजींनी केलेला अंदाज मात्र २४ महिन्यांच्या घरखर्चाचा होता. पाहुणे ६००, दोन समारंभ आणि दुसऱ्या समारंभासाठी वेगळे सभागृह. ते म्हणाले, "लग्न एकदाच होते, आणि वहिनी, तुम्ही पेन्सिल घेऊन बसला आहात." मी वहीचे तेच पान त्यांच्यापुढे ठेवले. मर्यादेबाहेरच्या १६ महिन्यांचे दहा वर्षांत वाढून सुमारे १.८ वर्षे होतात, आणि उतारवयात वर्षाला ०.८ च खर्च होणार असल्याने त्यातून सव्वादोन वर्षे निघाली असती. म्हणजे पैसा ८५ व्या वर्षाऐवजी ८३ च्या आतच संपला असता. त्या वयात आम्ही कोणाच्या दारात उभे राहायचे, एवढेच मी विचारले. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण अंदाजही बदलला नाही. तो बदलला आमच्या मुलीने. तिने वही मागून घेतली, आकडे स्वतः पुन्हा मांडून पाहिले आणि पाहुण्यांची यादी समोर ओढली.

आकडा ठरला तरी तो पाळता येतो की नाही, हे त्या यादीवरच ठरते. भाऊजींच्या २४ महिन्यांपैकी १८ महिने माणशी खर्चाचे होते आणि फक्त ६ महिने इतर, ठरीव खर्चाचे. सजावटीत काटकसर करून हाती फारसे लागले नसते. पाहुणे १५० वर आले तेव्हा ते १८ महिने साडेचार झाले, सभागृह लहान पुरले, दुसरा समारंभ गेला आणि ठरीव खर्च अडीच महिन्यांवर आला. एकूण सात. आठवा महिना ऐनवेळच्या वाढीव खर्चासाठी राखून ठेवला, आणि तो बहुतेक सगळा लागलाही. म्हणून सांगते, सभागृह बघायला जाण्यापूर्वी यादी पक्की करा. आगाऊ रक्कम भरून झाली की सभागृह भरण्यासाठी माणसे वाढत जातात.

भाऊजींचे दुसरे म्हणणे असे होते की जमा रकमेला हात लावू नका, कर्ज काढा, म्हणजे निवृत्तीचा पैसा शाबूत राहील. हे मला त्या दिवशीही पटले नाही आणि आजही पटत नाही. कर्जाचा हप्ता कुठून जाणार? आमच्या हिशेबातल्या त्या दरवर्षीच्या ०.३ मधूनच. बचत हप्त्यात गेली की साठाव्या वर्षीचे ३.४ कमी होतात, शिवाय व्याज वेगळे. खात्यावरची शिल्लक तेवढीच दिसते, म्हणून तोटा लक्षात येत नाही इतकेच. आहेरातून खर्च भरून निघेल, हेही मी हिशेबात धरले नाही. जे आले ते आम्ही नव्या जोडप्याला दिले. धाकटा कर्ज काढून शिकेल, असेही सुचवले गेले. शिक्षणासाठी कर्ज मिळते हे खरे आहे, उतारवयातल्या घरखर्चासाठी सहसा कोणी देत नाही हेही खरे, आणि पैसा दोन्हींना पुरत नसेल तर निवृत्तीची रक्कम आधी राखावी, हे मी मानते. परंतु बहिणीच्या दुसऱ्या समारंभासाठी भावाने नोकरीची पहिली काही वर्षे हप्ते फेडावेत, हे मला मान्य नव्हते, आणि भाऊजींनी आमच्यावर हात आखडल्याचा ठपका ठेवला तरी मी ते मान्य करणार नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा सगळा हिशेब ३ टक्क्यांवर उभा आहे. तोच २ टक्क्यांनी मांडला, तर आजची मोकळी शिल्लक २.७ वरून १.३ वर येते, म्हणजे शिक्षणाचे २ सुद्धा पूर्ण होत नाहीत आणि लग्नाला काहीच उरत नाही. त्यामुळे दोन्ही दरांनी हिशेब करून पाहा. कमी दराने शिल्लक शून्याखाली जात असेल, तर निवृत्ती एखाद्या वर्षाने पुढे ढकलता येईल का, हे आधी पाहा: त्या एका वर्षाने उतारवयाची गरज ०.८ ने कमी होते, बचतीत ०.३ ची भर पडते आणि जमलेली रक्कमही आणखी एक वर्ष वाढते. तुमच्या नोकरीत किंवा प्रकृतीमुळे ते शक्य नसेल, तर १५० चाही विचार न करता अगदी जवळच्या माणसांतच लग्न करा. तुम्हाला निवृत्तिवेतन मिळणार असेल, तर ते वर्षाच्या गरजेतून आधी वजा करा, पण ते महागाईबरोबर वाढते का हे तपासूनच. मुलगी आणि जावई कमावते असतील आणि त्यांना मोठा समारंभ हवा असेल, तर तुमच्या आकड्यावरचा भाग त्यांनी स्वतःच्या बचतीतून घालावा, आणि ते त्यांच्याशी यादी करण्याआधीच बोलावे.