यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओखाली तेच क्रेडिट आणि सोशल लिंक टाकतो. त्यामुळे वर्णनातले कीवर्ड मागे पडतात का?

पडतात, पण तो मजकूर वर असेल तरच. वर्णनात ५००० अक्षरं मावतात, म्हणजे टंचाई जागेची नाही, पहिल्या दोन-तीन ओळींची आहे. पूर्ण वर्णन उघडण्याआधी तेवढंच दिसतं. महत्त्वाचे शब्द सुरुवातीलाच घाला, असं यूट्यूबचं मदतपानही सांगतं. घोळ बहुधा 'अपलोड डिफॉल्ट्स'मुळे होतो: साठवलेला मजकूर आधीच भरून येतो आणि आपण त्याच्या खाली लिहीत सुटतो. म्हणून त्या साच्याची पहिलीच ओळ 'इथे विषय लिहा' अशी ठेवा. तिथे, समजा, 'गिटारवर एफ बॅरे कॉर्ड: बोटं कुठे ठेवायची' हे येईल, मग टाइमस्टॅम्प, मग क्रेडिट, सोशल लिंक अगदी तळाला (दोन पुरतात, खरं तर). मात्र संगीताच्या परवान्यात श्रेय सक्तीचं असेल तर ती ओळ खाली न्या, छाटू नका.