एचबीए१सी खरोखर वाढत आहे का?

प्रश्न : आईचा एचबीए१सी २०२१ मध्ये ५.८, २०२२ मध्ये ६.१, २०२३ मध्ये ५.९ आणि २०२४ मध्ये ६.२ आला. साखर वाढत चालली आहे असे समजायचे का? २०२१ आणि २०२३ च्या तपासण्या रत्नागिरीत, बाकीच्या मुंबईत झाल्या.

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. आधी प्रयोगशाळेनुसार दोन रांगा करा : रत्नागिरीत ५.८ नंतर ५.९, मुंबईत ६.१ नंतर ६.२. म्हणजे दोन वर्षांत प्रत्येक ठिकाणी वाढ फक्त ०.१ आहे, आणि जो चढउतार दिसतो तो बहुधा दोन यंत्रांमधला फरक आहे. आकड्याखाली बारीक अक्षरात पद्धत छापलेली असते, ती जुळते का ते पाहा. एकाच प्रयोगशाळेतही साधारण ०.५ पेक्षा कमी फरकाला डॉक्टर सहसा खरा बदल मानत नाहीत.

दुसरे म्हणजे महिना तपासा. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातील साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे आंब्याचा हंगाम सरताना जूनमध्ये केलेली तपासणी डिसेंबरच्या तपासणीशेजारी ठेवणे न्याय्य नाही. (घरचा हापूस असताना पथ्य कोण पाळतो!) त्याच कागदांवरचे हिमोग्लोबिनही बघा, कारण लोहाची कमतरता असेल तर साखर न वाढताही एचबीए१सी थोडा जास्त येऊ शकतो.

मात्र ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व पातळी आहे, म्हणून पुढची तपासणी एकाच प्रयोगशाळेत, त्याच महिन्यात, उपाशीपोटीच्या साखरेसह करून सगळे कागद डॉक्टरांना दाखवा.