गोळी सुरू झाल्यापासून वीर्य बाहेर येत नाही

«वय ५४. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू होऊन तीन आठवडे झाले. तेव्हापासून संबंधाच्या वेळी सुख पूर्वीसारखेच मिळते, पण वीर्य बाहेर येत नाही. दुखत नाही. काही गंभीर आहे का?»

मी पुण्यात मूत्रविकारांचे रुग्ण पाहतो. आपण लिहिलेले एवढेच असेल, तर हा बहुधा गोळीचा परिणाम आहे आणि त्याने शरीराला अपाय होत नाही.

वीर्यपतनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड घट्ट मिटते, म्हणून वीर्याला पुढचीच वाट उरते. टॅम्सुलोसिन तिथलेच स्नायू सैल करते. त्यामुळे लघवी मोकळी होते, पण तोंड नीट मिटत नाही, वीर्य मागे मूत्राशयात जाते आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जाते.

कोथरूडहून आलेल्या, आपल्याच वयाच्या एका गृहस्थांना मी संबंधानंतरची पहिली लघवी स्वच्छ काचेच्या बाटलीत आणायला सांगितली होती. ती ताकाच्या निवळीसारखी गढूळ होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात शुक्रजंतू दिसले, तेव्हा त्यांची खात्री पटली. मात्र या गोळीने काहींचे वीर्य मूळ जागेवरून पुढे ढकललेच जात नाही; अशा वेळी लघवी स्वच्छ दिसते, आणि तेही निरुपद्रवीच असते. त्या कोथरूडच्या गृहस्थांची गोळी आम्ही बदलली आणि काही दिवसांत वीर्य पूर्ववत येऊ लागले. आपण मात्र ती परस्पर बंद करू नये, कारण प्रोस्टेट मोठी असेल तर लघवी अडकू शकते. सिलोडोसिन या गोळीने हा परिणाम अधिक वेळा दिसतो, म्हणून बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. दुर्बिणीतून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली असेल, तर वीर्य मागे जाणे बहुधा कायमचे राहते. तेही घातक नसते.

मला काळजी वाटते ती गोळी किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काहीच नसताना वीर्य कमी होत गेलेल्या माणसाची. बरीच वर्षे शुगर वाढलेली राहिली, की मूत्राशयाच्या तोंडाला आवळणाऱ्या नसा निकामी होऊ लागतात, आणि कधी कधी मधुमेहाची पहिली खूण हीच असते. अशा माणसाने उपाशीपोटीची साखर आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीएवनसी तपासून घ्यावे. लघवीतून रक्त येणे, वीर्यपतनाच्या वेळी दुखणे किंवा पायांत बधिरपणा येणे यांपैकी काही असेल, तर थांबून राहू नये.

मूल हवे असलेल्या जोडप्यासाठी मात्र वीर्य मागे जाणे हा खरा अडथळा आहे. तरीही याला गर्भनिरोधक समजू नये, कारण थोडे वीर्य पुढे येऊ शकते. मूल हवे असेल तर उपाय आहे: लघवीतील आम्ल शुक्रजंतूंना मारते, म्हणून आधी खाण्याच्या सोड्यासारखे औषध देऊन ती सौम्य करतात, वीर्यपतनानंतर लगेच लघवी घेतात, प्रयोगशाळेत शुक्रजंतू धुऊन वेगळे करतात आणि ते पत्नीच्या गर्भाशयात सोडतात.