निवृत्त बाईंचं गुपित आणि तिसऱ्या रांगेतला माणूस

प्रश्न: एका निवृत्त शिक्षिकेचं दहा मिनिटांचं स्वगत लिहितोय. अनेक वर्षं लपवलेली गोष्ट ती शेवटी सांगते. गुपित चांगलं आहे, पण तालमीत सगळं भाषणासारखं वाटतं आणि मध्येच ढिलं पडतं. कुठे चुकत असेल?

उत्तर: बाई कोणाशी बोलताहेत हे ठरवलंय का? बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. खिडकीकडे बघत स्वतःशीच बोलणारं पात्र कबुली देत नाही, आठवणी काढत बसतं. कबुलीला समोर ऐकणारा लागतो, आणि तोही असा, की त्याच्यासमोर हे बोलायला बाईंची जीभ जड व्हावी. चेखवच्या तंबाखूवरच्या एकपात्रीत एक नवरा बायकोच्या हुकमावरून व्याख्यान द्यायला उभा राहतो आणि तंबाखू सोडून स्वतःच्या संसाराचं रडगाणं गातो. विंगेत बायको दिसली रे दिसली की गडी पुन्हा व्याख्यानावर. त्या एकपात्रीतला ताण बायको कधीही येईल या धास्तीतून येतो, दुःखाच्या वर्णनातून नाही.

तुमचं गुपित तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी एक प्रसंग बांधून दाखवतो.

माजी विद्यार्थ्यांनी बाईंचा सत्कार ठेवलाय. प्रेक्षागृह म्हणजेच तो वर्ग. बाईंच्या आधीच्या वक्त्याने एक जुना किस्सा रंगवून सांगितला: सहलीच्या पैशांचं पाकीट गेलं, बाईंनी सगळ्यांची दप्तरं तपासली, एकावर आळ आला, पुढे त्याने शाळाच सोडली. सगळे हसले. तो मुलगा, आता चांगला पोक्त गृहस्थ, तिसऱ्या रांगेत बसलाय आणि तोही हसला. नाटक सुरू होतं तेव्हा हे हसू विरतंय आणि बाई माइककडे निघाल्यात. "आजच का?" या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळून जातं. असाध्य आजार किंवा माळ्यावर सापडलेलं जुनं पत्र ही कारणं लेखकाच्या सोयीची असतात, पात्राला ती ढकलत नाहीत. आपल्या गप्प बसण्यावर लोक हसले, हे मात्र बाईंना गप्प बसू देणार नाही.

आता मधला ढिलेपणा. गुपित एकच असेल आणि ते शेवटी फुटणार असेल, तर आधीची सात-आठ मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात. प्रेक्षक हुशार असतो, दुसऱ्या मिनिटाला अंदाज बांधतो आणि मग तुम्ही त्याच्यामागून चालत राहता. म्हणून गुपिताचे थर करा, आणि प्रत्येक थर हाच तळ आहे असं वाटू द्या.

पहिला थर स्वस्त कबुलीचा. "सगळ्या वर्गासमोर त्याचं दप्तर ओतायला नको होतं." हे ऐकून लोक हळहळतात, बाईंना मोठ्या मनाच्या ठरवतात. बाई इथे थांबल्या असत्या तर कार्यक्रम छान झाला असता, आणि त्यांना थांबायचंही असतं. पण तिसऱ्या रांगेतून "जाऊ द्या हो बाई" अशा अर्थाचा हात हलतो. ही न मागता मिळालेली माफी त्यांना सहन होत नाही. म्हणून दुसरा थर:

> तो नकाशा मी पुढच्या सत्रात काढला. नद्या शिकवायच्या होत्या. मधली सुट्टी होती, वर्गात कोणी नव्हतं. गुंडाळी सोडली आणि पाकीट खाली पडलं. सापडलं पाकीट. (थांबतात.) कोणाला सापडलं? तुम्ही असं लिहिलं असतंत, तर मी समासात तांबड्या शाईने विचारलं असतं, कर्ता कुठे आहे? मला सापडलं. मीच ठेवलं होतं, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. मोजले. पूर्ण होते. घंटा झाली. मी नकाशा टांगला आणि नद्या शिकवल्या. त्या तासाला तोही होता. त्याचं उत्तर बरोबर आलं. मी शाबासकी दिली नाही.

या उताऱ्यात "मला अपराधी वाटलं" असं कुठेच नाही, आणि तालमीत नटीने ते घालायचा हट्ट धरला तरी घालू देऊ नका. पाकीट हातात असताना नद्या शिकवणं ही कृती पुरेशी आहे. तांबड्या शाईची सवयही नुसती गंमत म्हणून नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासणारी बाई स्वतःचं वाक्य तपासते आणि त्यातच अडकते. तुमच्या बाई गणिताच्या असतील तर त्या हिशेबात अडकतील, पण अडकायला हवं ते त्यांच्याच विषयात.

तिसरा थर खरा तळ. दुसऱ्या दिवशी बाई ते पैसे कार्यालयात भरतात आणि सांगतात, "माझ्या पगारातून देतेय." मुख्याध्यापक प्रार्थनेच्या वेळी त्यांचं कौतुक करतात. आठवड्याने मुलाची आई दाखला मागायला येते, बाई तिला बसायला खुर्ची देतात आणि काही बोलत नाहीत. आज त्यांच्या हातात जे मानपत्र आहे, त्यात त्या 'दातृत्वा'वर एक अख्खं वाक्य आहे. पाकीट विसरणं ही चूक होती, ती कोणाच्याही हातून होईल. गुपित म्हणजे त्या चुकीवर मिळालेलं कौतुक. इतकी वर्षं गप्प का बसल्या, हा प्रेक्षकाचा प्रश्नही इथेच सुटतो, कारण प्रत्येक कौतुकागणिक खरं बोलणं महाग होत गेलं. तुमच्या गुपिताला हा प्रश्न विचारून बघा: लपवण्यातून बाईंना काय मिळालं? उत्तर "काही नाही, नुसती भीती" असं येत असेल, तर मजकूर कितीही घासा, ढिला पडणारच.

दहा मिनिटांसाठी नऊशे ते हजार शब्द पुरतात. त्याहून जास्त लिहिलंत तर नटी थांबे गिळायला लागेल, आणि या प्रकारात अर्धं काम थांबे करतात. पहिला थर तिसऱ्या मिनिटाच्या आत, दुसरा साधारण मध्यावर, तिसरा आठव्याच्या आसपास. त्यानंतर फार तर मिनिटभर. त्या मिनिटात बाईंनी माफी मागून घेऊ नये आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाने उत्तर देऊ नये. त्या मानपत्रातलं ते वाक्य मोठ्याने वाचतील, पेन काढून खोडतील आणि सूत्रसंचालकाला पुढचा कार्यक्रम घ्यायला सांगतील. तिसऱ्या रांगेतल्या माणसाने काय करायचं, ते प्रेक्षक घरी जाताना भांडून ठरवतील.

भाषणासारखं वाटतंय का हे तपासायचा माझा एक उपाय आहे. तालमीत एका माणसाला खरोखर तिसऱ्या रांगेत बसवा आणि एकदा त्याला वाक्यांच्या मध्येच उठून जायला सांगा. नटीचं बोलणं तसंच, त्याच चालीत पुढे गेलं, तर ती कोणाशीच बोलत नव्हती. अडखळली, तर कुठल्या वाक्यावर अडखळली ते लिहून ठेवा. बहुतेकदा त्याच्या आधीची दोन-तीन वाक्यं नुसती माहिती देणारी निघतात, ती काढता येतात.

आणि कृपा करून थरथरता आवाज आणि वाकलेली पाठ नको. ज्या बाईने इतकी वर्षं मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवलाय, तिचा आवाज निवृत्तीनंतरही खणखणीतच असतो. पहिल्या दोन थरांत तो तसाच राहू द्या, म्हणजे मानपत्र वाचताना तो उतरला की लोकांना कळेल.